नकाराचं उत्तर आधी लिहून ठेवलं

मी मूळचा बेळगावचा, गेली अकरा वर्षं बेंगळुरूत आहे आणि सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करतो. आमचं काम थोडं विचित्र असतं. एखादी गोष्ट चालते का, हे बघायला बाकी सगळे असतात. ती बंद पडली तर काय होतं, हे आम्ही बघतो. पैसे भरताना नेट गेलं तर? माणसाने मधेच 'मागे' दाबलं तर? आज जे सांगणार आहे त्यात मला नोकरीतली हीच सवय उपयोगी पडली, म्हणून सुरुवातीलाच सांगितली.

विषय तुम्हाला माहीत आहे. जिच्याशी संबंध तुटले, तिला परत एकदा विचारायचं. मी विचारलं होतं, एकदाच. काय झालं ते शेवटी सांगतो, कारण आधी सांगितलं तर तुम्ही पुढचं सगळं त्या निकालाच्या चष्म्यातून ऐकाल.

ती इंदूरची, तिथल्या मराठी घरातली. नोकरीसाठी बेंगळुरूत आली आणि इथेच आमची ओळख झाली. अडीच वर्षं आम्ही बरोबर होतो. तिच्या घरी सगळं माहीत होतं. माझ्या घरी काहीच माहीत नव्हतं. आमची जात वेगळी, आणि बाबा काय म्हणतील याची मला भीती. मग मी तारखा देत गेलो. ताईचं लग्न होऊ दे, मग सांगतो. ताईचं लग्न झालं. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊ दे. ते झालं. घराचं कर्ज जरा खाली येऊ दे. ती एकदा म्हणाली होती, "मी वेटिंग लिस्टवर आहे, पण गाडी कुठली तेच तू सांगत नाहीस." मी हसलो होतो.

शेवटी तिचे आईबाबा इंदूरहून बेंगळुरूला आले. रविवारी माझ्या आईबाबांनी बेळगावहून यायचं आणि सगळ्यांनी भेटायचं, असं ठरलं होतं. म्हणजे ती समजत होती की ठरलंय. मी घरी अवाक्षर काढलं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी मी तिला बेळगावहून फोन केला आणि सांगितलं, बाबांना अचानक बरं नाही, येता येणार नाही. दुसऱ्या दिवशी तिने चौकशी करायला आमच्या घरच्या फोनवर फोन केला. ताई माहेरी आली होती, तिने उचलला. म्हणाली, "बाबा? ते बाजारात गेलेत. तुम्ही कोण बोलताय?"

तिथे संपलं. भांडण वगैरे काही झालं नाही. तिने एक मेसेज केला, दोन महिन्यांनी बदली घेतली आणि ती इंदूरला परत गेली.

आता मुद्द्यावर येतो. "एकदा विचारून बघ ना," असं मित्र सहज म्हणतात. पण विचारण्याआधी बघावं लागतं की आपल्याला विचारायला जागा तरी आहे का. 'पुन्हा संपर्क करू नकोस' असं समोरच्या माणसाने सांगितलं असेल, तर 'एकदाच' याचा अर्थ शून्य वेळा. एकदासुद्धा नाही. तुम्ही हात उचलला असेल, धमकावलं असेल, फोन तपासत असाल, तरीही शून्य. तिथे माफी मागायला जाणं हासुद्धा त्या माणसासाठी त्रासच असतो. माझ्या बाबतीत तिच्या शेवटच्या मेसेजमध्ये "मला आता हे पुढे न्यायचं नाही" असं होतं. "लिहू नकोस" असं नव्हतं. ही फट बारीक आहे, मला माहीत आहे. त्या फटीतून एकदा जाता येतं, दुसऱ्यांदा गेलो तर ती घुसखोरी.

कायद्याचं इथेच सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं की कायदा पाठलाग करणाऱ्या गुंडांसाठी आहे. स्त्रीने स्पष्टपणे नको म्हटल्यावरही पुरुषाने जवळीक साधण्यासाठी तिच्याशी पुन्हा पुन्हा संपर्क केला किंवा तसा प्रयत्न केला, तर तो गुन्हा आहे. 2013 मध्ये तो भारतीय दंड संहितेत आला. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये आहे. पहिल्या वेळी दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, त्यानंतर पाच वर्षांपर्यंत. यात तुमचा हेतू चांगला होता का, प्रेम खरं होतं का, असे प्रश्न कोणी विचारत नाही. आपल्या सिनेमांतला निम्मा नायकवर्ग यात आत जाईल. हे कलम पुरुषाने स्त्रीच्या मागे लागण्याबद्दल आहे. पण बायांनो, पुरुषाने नाही म्हटलं तर तेही नाहीच असतं.

मी चौदा महिने थांबलो. यात काही संयम वगैरे नव्हता. पहिले सहा महिने मी तिलाच दोष देत होतो. "एवढ्याशा खोट्यासाठी?" असं. त्या मनःस्थितीत लिहिलं असतं, तर ते तक्रारीचं पत्र झालं असतं. नंतर हळूहळू कळलं की खोटं त्या शनिवारचं नव्हतं, अडीच वर्षांचं होतं. आणि हेही कळलं की ज्या कारणाने सगळं मोडलं ते कारण अजून जागच्या जागी आहे. घरी अजून कोणाला काही माहीत नव्हतं. मग मी तिच्याकडे काय घेऊन जाणार होतो? आणखी एक तारीख?

म्हणून आधी घरी सांगितलं. फेब्रुवारीत. "अशी एक मुलगी होती, मी तुमच्यापासून लपवलं, तिच्याशी खोटं बोललो." बाबा तीन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. आईने फक्त एवढंच विचारलं, "तिचे आईवडील एवढ्या लांबून आले होते?" आणि उठून आत गेली. बाबांच्या रागापेक्षा ते जास्त लागलं.

मग पत्र लिहायला बसलो. पहिला मसुदा नऊ पानांचा झाला. आपण एका वाचकासाठी लिहितोय हे मी विसरलो होतो. स्वतःच रडून घेत होतो. तो मी ताईला वाचायला दिला. तीच ताई, फोन उचलणारी. तिने पेन्सिल घेतली आणि वाचायला लागली. "तुझ्याशिवाय जगण्यात अर्थ नाही" या वाक्यापाशी थांबली. म्हणाली, "हे काढ." मी म्हटलं, अगं, पण खरंच तसं वाटतं. ती म्हणाली, "वाटत असेल. पण हे वाचून तिने नाही म्हटलं आणि तुला काही झालं, तर ते तिच्या माथी. हे प्रेम आहे की धमकी, तूच बघ." मी ते काढलं. ज्याला खरोखर तसं वाटतंय त्याने ते डॉक्टरला सांगावं, घरच्यांना सांगावं. जिच्याकडे उत्तर मागायचंय तिला नाही.

पुढे होतं, "फक्त एकदा भेट, मग काय तो निर्णय घे." हे मला फार साधं वाटलं होतं. ताई म्हणाली, "म्हणजे नाही म्हणायलासुद्धा तिने तुझ्यासमोर येऊन बसायचं?" हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. समोर बसलेल्या, डोळे भरलेल्या माणसाला नाही म्हणणं किती अवघड असतं, आणि म्हणूनच आपल्याला भेट हवी असते. तेही काढलं.

तिसरं मात्र मीच पकडलं. मी लिहिलं होतं, "तुझं अजून लग्न झालं नाही असं कळलं." कळलं कुठून? आमच्या एका सामायिक मैत्रिणीकडून. मी तिला विचारलं होतं, लग्न ठरलंय का एवढंच सांग. ती म्हणाली, "नाही ठरलं. पण यापुढे मला काही विचारू नकोस." ती एक चौकशी मला आजही योग्य वाटते, कारण ठरलं असतं तर मी लिहिलंच नसतं. पण ते पत्रात लिहिणं म्हणजे 'मी तुझ्यावर नजर ठेवून आहे' असं सांगणं.

आणि मग घरी सांगितल्याचं वाक्य. मी मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं, "तुझ्यासाठी मी घरी सगळं सांगितलं, बाबांचा राग सहन केला." ताई हसली. म्हणाली, "बिल लावतोयस का?" यावर आमचा तासभर वाद झाला. ते सांगायचंच नाही असं करता येत नव्हतं, कारण बदललेली तीच एक गोष्ट होती. बाकी 'मी बदललोय' हे कोणीही लिहू शकतं. पण सांगितलं की तिच्यावर ओझं पडणार, याने एवढं केलं, आता मी काय करू. शेवटी वाक्य कसं झालं ते तुम्हाला आता दिसेल. नऊ पानांचं जे उरलं ते वाचतो. तिचं नाव सोडून.

"हे मी एकदाच लिहितो आहे. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

त्या रविवारी बाबा आजारी नव्हते. मी घरी काही सांगितलंच नव्हतं आणि ते कबूल करायची हिंमत नव्हती, म्हणून खोटं बोललो. तुझे आईबाबा इंदूरहून आले होते आणि त्यांना कारणं तुला द्यावी लागली. त्याआधीची अडीच वर्षं तू थांबलीस आणि मी दर वेळी पुढची तारीख दिली. यात परिस्थितीचा दोष नव्हता, माझा होता. मला माफ कर.

फेब्रुवारीत मी घरी सगळं सांगितलं. ते मी तेव्हाच करायला हवं होतं. त्याचं तुझ्यावर काही देणं लागत नाही.

मला तुझ्याबरोबर पुन्हा सुरुवात करायची इच्छा आहे. तुलाही तसं वाटत असेल, तर तू म्हणशील तेव्हा फोनवर बोलू.

वाटत नसेल, तर 'नाही' एवढा एक शब्द पुरे. कारण द्यायची गरज नाही. काहीच लिहावंसं वाटलं नाही, तर महिन्याभराने मी ते नाही असंच समजेन. काहीही झालं तरी मी पुन्हा विचारणार नाही आणि कोणाकरवी विचारायलाही लावणार नाही."

महिन्याची मुदत मी तिला घालत नव्हतो, स्वतःला घालत होतो. ती नसती तर मी वर्षभर इनबॉक्स उघडत बसलो असतो, आणि तिलाही वाटत राहिलं असतं की हा कधीही परत टपकेल. शेवटचं वाक्य तिला मोकळं करण्यासाठी होतं.

आणि आता ते टेस्टिंगवालं. पत्र पाठवण्याआधी मी तिच्या नकाराला द्यायचं माझं उत्तर लिहून ठेवायचं ठरवलं. तिने नाही म्हटलं आहे असं धरायचं आणि आपण काय लिहू ते आधीच लिहायचं. वाटलं, पाच मिनिटांचं काम. नऊ दिवस लागले.

पहिल्या दिवशी लिहिलं, "ठीक आहे, पण कधी वाटलं तर दार उघडं आहे." वाचून बघितलं. दार उघडं कुठलं, मी दारात पाय अडकवून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी, "तुझा निर्णय मान्य, फक्त कारण कळलं असतं तर बरं झालं असतं." म्हणजे मान्य नाही, सुनावणी हवी. मग, "मैत्री तरी ठेवू या." ही मला स्वतःचीसुद्धा फार समजूतदार सूचना वाटली होती. पण मला मैत्री नको होती, मला रांगेत जागा धरून ठेवायची होती. एका दिवशी तर नुसता राग आला, की मी एवढं लिहिलं आणि ही नाही म्हणते! तिने अजून पत्र बघितलंसुद्धा नव्हतं. कल्पनेतल्या नकारावरच मी चिडून बसलो होतो.

मला वाटतं, तयारी आहे की नाही हे कळायची माझ्यापुरती हीच खरी चाचणी होती. पत्र कोणालाही लिहिता येतं. नकाराचं उत्तर लिहिताना हात कुठे अडखळतो ते बघायचं. तिथे अजून काहीतरी वसूल करायचं बाकी आहे असं समजायचं, आणि तोवर पत्र पाठवायचं नाही. नवव्या दिवशी माझ्याकडे चार छोटी वाक्यं उरली: "उत्तर दिलंस, आभार. समजलं. मी पुन्हा विचारणार नाही. काळजी घे." ती मी मेलच्या ड्राफ्टमध्ये ठेवली आणि ताईलाही पाठवून ठेवली. मी वेगळं काही पाठवायला लागलो तर तिने मला थांबवायचं, असं ठरलं.

पाठवायचं कुठून, यावरही विचार केला. व्हॉट्सअॅप नको, कारण त्यात निळ्या टिका दिसतात. तिने वाचलं हे मला कळणार, मला कळलं हे तिला कळणार, आणि उत्तर न देण्याची तिची मोकळीक तिथेच संपणार. शिवाय मी रात्री दोन वाजता ती ऑनलाइन आहे का बघत बसणार. पोस्टाने पत्र नको, ती आईवडिलांकडे राहते, लिफाफा कोणी दुसऱ्यानेच उचलला तर घरात प्रश्न सुरू. इंदूरला जाऊन उभं राहणं तर नकोच. फुलं, भेटवस्तू, तिची राहिलेली पुस्तकं परत करायचं निमित्त, यातलं काही नाही. मग राहिली ईमेल. तिचा वाढदिवस, दिवाळी, आमच्या आठवणीच्या तारखा सोडून एका साध्या शनिवारी सकाळी पाठवली, म्हणजे तिला लगेच ऑफिसला पळायचं नसेल.

उत्तर अकराव्या दिवशी आलं. तिने लिहिलं होतं की पत्र दोनदा वाचलं. घरी सांगितलंस हे वाचून बरं वाटलं आणि रागही आला, कारण हे तेव्हा हवं होतं. दुसरं कोणी आहे असं नाही. पण मला परत यायचं नाही.

तर, निकाल हा.

आता माझ्या डोक्यात काय झालं ते सांगतो, कारण खरी परीक्षा इथे होती. मी ते उत्तर वकिलासारखं वाचायला लागलो. 'दोनदा वाचलं', म्हणजे महत्त्व आहे. 'बरं वाटलं', म्हणजे मन विरघळतंय. 'दुसरं कोणी नाही', हे तिने न विचारता का सांगितलं? नक्की काहीतरी सुचवायचंय. 'रागही आला', म्हणजे भावना शिल्लक आहेत. अर्ध्या तासात मी त्या नकाराचा होकार करून टाकला होता. मी ताईला फोन केला आणि हे सगळं ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शेवटचं वाक्य वाच." मी वाचलं. "'नाही' या शब्दाचा संधिविग्रह करू नकोस. ड्राफ्टमध्ये जे आहे ते पाठव."

मी पाठवलं. एक शब्दही न बदलता. त्या दिवशी मला नवीन काही लिहायला लागलं असतं, तर मी ते नीट लिहिलं नसतं, हे मी खात्रीने सांगतो. शुद्धीत असताना लिहून ठेवलेलं होतं म्हणून निभावलं.

कोणी म्हणेल, होकार आला असता तर? तर एक फोन झाला असता, एवढंच. मी पत्रात तेवढंच मागितलं होतं. जुनं घर किल्ली फिरवून उघडतं असं नसतं, आणि फोनवरही ती नाही म्हणू शकली असती.

नंतरचं सोपं नव्हतं. इन्स्टाग्रामवर तिला अनफॉलो केलं. ते रागाने नव्हतं. मी रोज बघत होतो म्हणून. दिवाळीला 'शुभेच्छा' एवढाच मेसेज टाइप केला आणि पुसला. एकच शब्द आहे, त्यात काय, असं वाटतं. पण मी पुन्हा विचारणार नाही म्हटलं होतं, आणि तो शब्द शुभेच्छांच्या वेषातला प्रश्नच होता, हे मला माहीत होतं. बाबा एकदा म्हणाले, "मी बोलू का तिच्या वडिलांशी?" ज्या माणसाच्या भीतीने मी अडीच वर्षं घालवली, तो माणूस हे विचारत होता. मी नको म्हटलं. त्या रात्री जेवलो नाही.

दीड वर्षाने त्याच सामायिक मैत्रिणीचं लग्न होतं, इंदूरला. जावं की नाही यावर बराच विचार केला. मैत्रिणीला सांगितलं की तिला आधी विचार, मी आलो तर तिला अवघड होईल का. निरोप आला, येऊ दे. मी गेलो. मंडपात लांबून दिसली, मी मान हलवली, तिनेही हलवली. मी तिच्या बाजूला गेलो नाही. जेवणाच्या वेळी मी पानाची वाट बघत उभा होतो, तेव्हा ती स्वतःच आली.

"बाबा कसे आहेत?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "खरंच बरे आहेत."

ती हसली. मग तिला कोणीतरी हाक मारली आणि ती गेली. पानवाल्याने विचारलं, साधं की मीठा. मी साधं म्हटलं.